बचत गटाच्या संस्थापिकेच्या सत्काराला मानपत्र कसं लिहायचं आणि कसं वाचायचं

आपल्या सोलापुरात आता बऱ्याच बचत गटांना वीस-पंचवीस वर्षं होत आलीत, आणि ज्या बायकांनी ते उभे केले त्या साठी-सत्तरीच्या झाल्यात. त्यामुळे सत्कार ठरतात, हॉल बुक होतो, शाल-श्रीफळ येतं, आणि मग कार्यक्रमाला आठ दिवस राहिले की गटातल्या एखाद्या शिकलेल्या सुनेला नाहीतर शिक्षिकेला सांगतात, "मानपत्र तू लिही आणि तूच वाच". ज्यांना पहिल्यांदाच असं सांगितलंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी पूर्व भागातल्या काही गटांना यात मदत केलीय, त्यातल्याच एका गटाचं उदाहरण शेवटपर्यंत घेते म्हणजे नुसतं तोंडी सांगणं होणार नाही. त्या संस्थापिकेला सगळ्या अक्का म्हणतात, मीही इथे अक्काच म्हणेन.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या की तुम्हाला नक्की काय मागितलंय. फ्रेम करून हातात द्यायचं मानपत्र वेगळं आणि स्टेजवर वाचायचं गौरवाचं भाषण वेगळं. फ्रेममध्ये दीडशे शब्दांच्या वर काही मावत नाही, मावलं तरी अक्षर इतकं बारीक होतं की भिंतीवर लावल्यावर कुणी वाचू शकत नाही. भाषण पाच मिनिटांचं असतं, म्हणजे सावकाश वाचलं तर साधारण पाचशे शब्द. बरेच जण एकच मजकूर दोन्हीकडे वापरतात आणि मग फ्रेम गच्च भरते नाहीतर भाषण दीड मिनिटात संपतं. आधी भाषण लिहा आणि त्यातून फ्रेमचा मजकूर काढा, उलटं केलं तर जमत नाही.

आधी रजिस्टर मागा, आठवणी नंतर

बहुतेक जण सुरुवात अशी करतात की अक्कांच्या मुलीला फोन लावायचा आणि "आईबद्दल थोडं सांगा ना" म्हणायचं. मुलगी प्रेमानं सांगते, पण काय सांगते तर आई खूप कष्टाळू, सगळ्यांना मदत करायची, कधी कुणाला नाही म्हटलं नाही. हे खरंच असतं पण यातलं प्रत्येक वाक्य दुसऱ्या कुठल्याही आईला लागू पडतं, त्यावर पाच मिनिटं बोलता येत नाही.

म्हणून आधी गटाचं जुनं प्रोसिडिंग रजिस्टर मागा, म्हणजे ज्यात दर बैठकीचं इतिवृत्त आणि ठराव लिहिलेले असतात ते. त्याच्या सोबत बचत-कर्जाची खतावणी आणि बँकेचं पहिलं पासबुक. बहुतेक वेळा हे सगळं कोषाध्यक्षाच्या घरी नाहीतर जुन्या पेटीत असतं. (जुन्या गटांमध्ये पेटी एकीच्या घरी, चावी दुसरीकडे आणि रजिस्टर तिसरीकडे अशी पद्धत असायची, त्यामुळे तीन घरं फिरायची तयारी ठेवा.) रजिस्टर घरी घेऊन जाऊ नका, तिथेच बसून बघा, लागतील त्या पानांचे फोटो त्यांना विचारून काढा. त्यात इतर बायकांच्या कर्जाच्या नोंदी असतात, ते फोटो कुठल्या ग्रुपवर टाकायचे नाहीत हे मी वेगळं सांगायला नको.

रजिस्टरमध्ये काय बघायचं तर पहिलं म्हणजे सुरुवातीची तारीख. इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. अक्कांच्या गटाची पहिली बैठक १९९९ ची, ठराव त्याच दिवसाचा, पण बँकेत खातं उघडलं त्यानंतर आठ महिन्यांनी, ते पुढच्या वर्षात गेलं. आयोजकांनी बॅनरवर पासबुक बघून वर्ष छापायला दिलं होतं. दोन्ही तारखा खऱ्या आहेत, पण गट सुरू झाला तो पहिल्या बैठकीत, आणि मधल्या आठ महिन्यांत पैसे पेटीत होते, बायकांच्या नुसत्या विश्वासावर. ही गोष्ट भाषणात सांगण्यासारखी आहे, आणि ती दोन तारखांमधल्या फरकामुळेच कळली. तेव्हा तारखा जुळत नाहीत म्हणून वैतागू नका, दोन्ही लिहून घ्या आणि मधल्या काळात काय चाललं होतं ते विचारा.

दुसरं म्हणजे अक्षर. रजिस्टर कुणी लिहिलंय? अक्कांच्या गटातल्या जवळपास सगळ्या तेलुगू बोलणाऱ्या, मराठी बोलता येतं पण लिहायची सवय नाही. पहिली दीड-दोन वर्षं रजिस्टरमधलं अक्षर शाळकरी पोराचं, रेघ सोडून वर चढणारं, "ठराव सर्वानुमते मंजूर" मधला र्व प्रत्येक वेळी वेगळा. विचारल्यावर कळलं की शेजारच्या घरातला सातवीतला मुलगा बैठकीला येऊन बसायचा आणि अक्का बोलतील तसं लिहायचा. आता तो टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याला कार्यक्रमाला बोलवायचं कुणाच्या डोक्यातच नव्हतं. भाषणात त्याचं एक वाक्य आलं आणि बोलावणंही गेलं.

तिसरं, बैठकीचं ठिकाण. रजिस्टरमध्ये दर बैठकीला वर तारीख, वेळ आणि ठिकाण लिहितात आणि ती ओळ कुणी वाचत नाही कारण सगळीकडे एकच असतं. अक्कांच्या रजिस्टरात पानामागून पान "अध्यक्षांचे घरी" आहे आणि मध्येच एका महिन्यात दुसऱ्याच सभासदाच्या घरचा पत्ता. का? ते पुढे सांगते, कारण संपूर्ण भाषण शेवटी त्यावरच उभं राहिलं.

मग बायकांशी बोला, पण त्यांच्या कामाच्या वेळी

सगळ्यांना एकत्र बसवून "आता अक्कांबद्दल बोला" म्हटलं की कुणी बोलत नाही, एकमेकींकडे बघतात. विडी वळणाऱ्या बायकांकडे जायचं तर त्या विड्या वळायला बसलेल्या असतात तेव्हा जा. मांडीवर सूप, त्यात जर्दा आणि कापलेली तेंदूची पानं, बोटं आपोआप चालू असतात आणि हात कामात असला की बोलणं मोकळं होतं. तुमच्याकडे मान वर करून बघावं लागत नाही ना, म्हणूनही असेल. फक्त पान भिजवून कापायच्या घाईत नाहीतर कारखान्यात माल द्यायला निघायच्या वेळी जाऊ नका, तेव्हा त्यांच्या मजुरीचा प्रश्न असतो.

प्रश्न छोटे विचारा. "अक्का कशा होत्या" असं नाही, तर "तुम्ही पहिलं कर्ज कशाला घेतलं", "तेव्हा गट नसता तर कुणाकडे गेला असता", "अक्का तुमच्यावर कधी रागावल्या का". शेवटच्या प्रश्नाला सगळ्यात चांगली उत्तरं मिळतात. रागावण्याची आठवण माणूस नीट, प्रसंगासकट सांगतो, कौतुकाची सांगताना विशेषणांवर जातो.

रजिस्टरातली ती वेगळ्या घरातली बैठक मी अशीच विचारली. जिच्या घरी ती झाली ती बाई आधी हसली आणि मग तिचे हात थांबले. तिचा नवरा पॉवरलूमवर होता, लूम बंद पडले म्हणून भिवंडीला गेला आणि काही महिने पैसे आले नाहीत. तिचे दोन हप्ते थकले. लाजेनं ती बैठकीला यायची बंद झाली, विड्या द्यायला सुद्धा दुसऱ्या गल्लीनं जायला लागली म्हणजे वाटेत कुणी भेटायला नको. गटात बोलणं सुरू झालं की हिला काढून टाका, बचतीतून कर्ज वळतं करा. अक्का म्हणाल्या पुढची बैठक तिच्या दारात घ्यायची. तेरा जणी संध्याकाळी जाऊन तिच्या उंबऱ्याबाहेर सतरंजी टाकून बसल्या, हजेरी घेतली, तिचं नाव पुकारलं, तिला आतून "हजर" म्हणावंच लागलं. हप्त्याचं कुणी काढलं नाही. चहा तिनंच केला. पुढच्या महिन्यापासून ती परत अक्कांच्या घरी यायला लागली आणि कर्ज हळूहळू फिटलं, खतावणीत ते दिसतं.

आता ही गोष्ट मिळाल्यावर लगेच लिहायला बसू नका. त्या बाईला पुन्हा विचारा. ती हॉलमध्ये असणार, तिची सून शेजारी बसलेली असणार, व्याही आलेले असतील. या बाईनं सांगितलं की गोष्ट सांगा पण नाव नको आणि नवरा भिवंडीला गेला तेही नको. मग भाषणात "गटातली एक मैत्रीण" एवढंच आलं. थकबाकी, नवऱ्याची दारू, कुणाचे गहाण पडलेले दागिने, आजारपण, यातलं काहीही ज्याचं त्याला विचारल्याशिवाय माईकवर जाता कामा नये, मग ती गोष्ट कितीही चांगली असो. ज्या सभासद आता हयात नाहीत त्यांच्या बाबतीत घरच्यांना विचारा.

आकडे: कुठे घसरतं

मानपत्रात आकडा असला की वजन येतं असं सगळ्यांना वाटतं, म्हणून कुणीतरी "गटाची लाखोंची बचत" असं लिहून देतं. इथे थांबा आणि विचारा, बचत की उलाढाल?

अक्कांच्या गटाचं बघा. चौदा बायका, महिन्याला वीस रुपये, म्हणजे महिन्याला २८० रुपये. अशी तीन वर्षं चालली, ३६ महिन्यांचे १०,०८० रुपये झाले. नंतर पन्नास रुपये केले, म्हणजे महिन्याला ७००, पाच वर्षांत ४२,०००. आठ वर्षांत बायकांनी स्वतःच्या खिशातून टाकलेली बचत झाली ५२,०८० रुपये. पण हेच पैसे कर्ज म्हणून एकीकडे जातात, हप्त्यानं परत येतात, दुसरीकडे जातात. त्यामुळे आठ वर्षांत वाटलेल्या सगळ्या कर्जांची बेरीज केली तर ती तीन लाखांच्या वर गेली. दोन्ही आकडे खरे, पण "तीन लाखांची बचत" म्हटलं तर ते खोटं ठरतं, आणि समोर बँकेचा माणूस किंवा कोषाध्यक्ष बसलेली असते, तिला लगेच कळतं. "पन्नास हजारांच्या बचतीतून तीन लाखांची कर्जं दिली" असं लिहिलं तर खरंही होतं आणि उलट जास्त भारी वाटतं.

माझ्या मते तर मोठ्या आकड्यापेक्षा पहिल्या कर्जाचा छोटा आकडा जास्त बोलतो. अक्कांच्या गटानं चौथ्या बैठकीत पहिलं कर्ज दिलं, पाचशे रुपये, औषधपाण्यासाठी, व्याज शेकडा दोन महिना, दर महिन्याला पन्नास मुद्दल. उरलेल्या मुद्दलावर व्याज, म्हणजे पहिल्या महिन्याला दहा रुपये, दुसऱ्याला नऊ, मग आठ, असं दहा महिन्यांत कर्ज फिटलं आणि एकूण व्याज गेलं ५५ रुपये. तेही गटातच राहिलं, म्हणजे त्यात तिचाही वाटा. त्याच बाईनं मला सांगितलं की त्याआधी ती शेकडा दहानं पैसे घ्यायची. तो हिशोब केला तर महिन्याला पन्नास रुपये नुसतं व्याज, दहा महिन्यांत पाचशे भरून मुद्दल पाचशे तसंच डोक्यावर. हॉलमधल्या कुठल्याही बाईला हा हिशोब समजावून सांगावा लागत नाही, ऐकताना माना हलतात.

अजून एक घसरण म्हणजे योजनांची नावं. आज "उमेद" सगळ्यांच्या तोंडी आहे म्हणून लिहिणारा सहज लिहून जातो की अक्कांनी उमेदमधून गट सुरू केला. उमेद अभियान सुरू झालं २०११ मध्ये आणि तेही ग्रामीण भागासाठी, १९९९ च्या शहरातल्या गटाचा त्याच्याशी संबंध कसा असेल? त्या काळात शहरांसाठी सुवर्णजयंती शहरी रोजगार योजना होती. अक्कांचा गट तर कुठल्याच योजनेतून नव्हता, त्या एका नातेवाइकाकडे गेल्या असताना तिथला गट बघून आल्या होत्या. तसंच "सोलापुरातला पहिला महिला बचत गट" हे वाक्य कुणी कितीही आग्रह केला तरी लिहू नका. नाबार्डनं बचत गट बँकांना जोडायचा पथदर्शी कार्यक्रम १९९२ मध्ये सुरू केला आणि महिला आर्थिक विकास महामंडळ तर १९७५ पासूनचं आहे, त्यामुळे १९९९ चा गट पहिला असण्याची शक्यता फार कमी आणि सिद्ध तर करताच येणार नाही. "आमच्या गल्लीतला पहिला" लिहा, ते खरं असतं आणि गल्लीला आवडतं.

लिहायला बसल्यावर

आता तुमच्याकडे भरपूर माल आहे आणि पाचशेच शब्द आहेत. सगळं घालायचा मोह होतो. घालू नका. एक प्रसंग मोठा घ्या, दोन छोटे घ्या, बाकी सोडून द्या. अक्कांसाठी मोठा प्रसंग दारातली बैठक, छोटे म्हणजे पहिलं कर्ज आणि रजिस्टर लिहिणारा मुलगा. पेटीतले आठ महिने एका ओळीत. त्यांचं बालपण, लग्न, मुलांची शिक्षणं, नातवंडं हे सगळं गाळलं, कारण हा सत्कार गटाच्या संस्थापिकेचा होता, त्यांच्या एकसष्टीचा नव्हता.

सुरुवात "आज या ठिकाणी उपस्थित असलेले" वरून करू नका. व्यासपीठावरच्या पाहुण्यांची नावं सूत्रसंचालकानं घेतलेली असतात, तुम्ही "मान्यवर आणि मैत्रिणींनो" एवढं म्हणून थेट विषयावर या. अक्कांच्या भाषणाची सुरुवात आम्ही अशी केली:

"अक्का, तुमच्या जुन्या रजिस्टरचं पहिलं पान आम्ही परवा बघितलं. चौदा नावं आहेत आणि प्रत्येकीपुढे वीस रुपये. खाली लिहिलंय, पैसे पेटीत ठेवले. बँकेत खातं निघायला पुढे आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत ती पेटी एकदाही कमी भरली नाही."

बघा, यात कौतुकाचं एकही विशेषण नाही. आणि सरळ अक्कांशी बोललंय. मानपत्र पारंपरिक भाषेत "आपण" म्हणून लिहितात, फ्रेममध्ये ते शोभतं. पण भाषणात, जिला आयुष्यभर तुम्ही-आम्ही अक्का म्हणत आलोय तिला अचानक "आपण हा वसा घेतलात" म्हटलं की ती स्वतःच परक्यासारखी बघायला लागते. "तुम्ही" म्हणा. मोठ्यांसाठी तेवढा मान पुरतो.

मोठा प्रसंग असा झाला:

"एकदा आपल्यातली एक मैत्रीण बैठकीला यायची बंद झाली. हप्ते थकले होते. कुणी म्हणालं नाव काढून टाका. तुम्ही म्हणालात, ती येत नाही तर आपण जाऊ. त्या महिन्यात बैठक तिच्या दारात झाली. तुम्ही हजेरी घेतलीत, तिचं नाव पुकारलंत, आणि आतून आवाज आला, हजर. रजिस्टरमध्ये त्या दिवशी चौदापैकी चौदा हजर आहेत."

इथे प्रसंग संपला की पुढे "यातून तुमचा मोठेपणा दिसतो" असं जोडायची फार इच्छा होते. जोडू नका. ऐकणाऱ्यांना कळलेलं असतं.

श्रेय वाटताना सांभाळा. "अक्कांनी एकटीच्या बळावर" असं लिहिलं की पहिल्या चौदा जणींमधल्या ज्या समोर बसल्यात त्यांना लागतं, आणि बरोबरच आहे त्यांचं. पहिल्या बैठकीतल्या सगळ्यांची नावं एका दमात वाचा, हयात नसलेल्यांचीही, आणि तेव्हा हॉलमध्ये असलेल्यांना उभं राहायला सांगा. याला अर्धा मिनिट लागतो. नावं वाचायची तर उच्चार आधी विचारून घ्या. आपल्याकडे तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी सगळी आडनावं एका गल्लीत असतात, आणि स्टेजवर एखादीचं आडनाव चुकलं तर तिच्या घरच्यांना वर्षभर तेच आठवतं. कागदावर आडनाव कानाला ऐकू येतं तसं फोडून लिहा.

अक्कांच्या घरची भाषा तेलुगू, म्हणून शेवटचं एक वाक्य तेलुगूत घ्यायचं ठरलं. ज्यांना ती भाषा येत नाही त्यांनी हे मोबाईलवर भाषांतर करून करू नका, घरच्या कुणालातरी विचारा, देवनागरीत लिहून घ्या आणि त्यांच्यासमोर चार-पाच वेळा म्हणून दाखवा. अक्कांच्या मुलीनं वाक्य दिलं, त्या वाक्यावर हॉलमधल्या मागच्या रांगांमधून पहिली टाळी आली कारण तिथे सगळी गल्ली बसली होती.

कार्यक्रमाच्या दिवशीच्या गोष्टी

क्रम आधी आयोजकांशी बोलून घ्या. साधारण दीपप्रज्वलन, सावित्रीबाईंच्या प्रतिमेला हार, स्वागत, प्रास्ताविक, मग मानपत्र वाचन, लगेच सत्कार, त्यानंतर सत्कारमूर्तींचं मनोगत आणि पाहुण्यांची भाषणं असा असतो. मानपत्र पाहुण्यांच्या भाषणांनंतर ठेवू देऊ नका, तोपर्यंत लोक उठायला लागतात आणि ज्या बायकांना संध्याकाळी स्वयंपाक गाठायचा असतो त्या आधी जातात.

एक गोष्ट नाजूक आहे पण विचारायलाच हवी. सत्कारात शाल-श्रीफळाबरोबर हळदीकुंकू लावून ओटी भरायची पद्धत असते. संस्थापिका विधवा असतील तर कार्यक्रमाच्या आधी, एकटीत, त्यांनाच विचारा त्यांना काय आवडेल. काही जणींना ओटी भरून घ्यायला मनापासून आवडतं, काहींना सगळ्यांसमोर अवघडल्यासारखं होतं. स्टेजवर ऐनवेळी कुणीतरी कुंकवाचा करंडा पुढे करतं आणि दुसरी तिचा हात धरते, हे मी बघितलंय आणि सत्कारमूर्तीचा तेव्हाचा चेहरा विसरता येत नाही. अक्कांनी सांगितलं, ओटी भरा पण माझ्या चौदा जणींनी भरा, पाहुण्यांनी नको. तसंच झालं.

वाचायचा कागद मोठ्या अक्षरात प्रिंट करा, अठराचा फॉन्ट, ओळींमध्ये जागा, एकाच बाजूला, आणि पानांना नंबर टाका. वाक्य पानाच्या शेवटी तुटू देऊ नका. मोबाईलवरून वाचू नका, मध्येच फोन येतो, स्क्रीन अंधारते, आणि समोरून बघणाऱ्याला तुम्ही मेसेज वाचताय असं वाटतं. जाड पुठ्ठ्याच्या फाईलमध्ये ठेवलं तर पंख्यानं उडत नाही, सोलापूरच्या हॉलमध्ये पंखे फुल असतात. घरी दोनदा घड्याळ लावून मोठ्यानं वाचा. साडेपाच मिनिटांच्या वर गेलं तर एक छोटा प्रसंग काढून टाका, वेग वाढवू नका.

माईक तोंडापासून वीतभर लांब धरा आणि पहिलं वाक्य मुद्दाम सावकाश म्हणा, आवाज हॉलमध्ये बसायला तेवढा वेळ लागतो. दारातल्या बैठकीसारखा प्रसंग वाचताना तुमचाच गळा दाटून आला तर थांबा, पाणी प्या, कुणी काही म्हणत नाही. अक्का रडायला लागल्या तेव्हा वाचणाऱ्या मुलीनं तीन-चार सेकंद थांबून त्यांच्याकडे बघितलं आणि मग पुढचं वाक्य घेतलं, माफी वगैरे मागितली नाही. अशा वेळी घाईनं वाचत सुटलं की पुढचं कुणालाच ऐकू येत नाही.

फ्रेमचा मजकूर

आता भाषणातून दीडशे शब्द काढा. संस्थापिकेचं पूर्ण नाव, गटाचं नाव, पहिल्या बैठकीची तारीख, काय केलं ते तीन-चार वाक्यांत, कुणातर्फे दिलं आणि कधी. इथे "आपण" चालतं, भाषा थोडी भारदस्त चालते, पण गोष्ट ठोस ठेवा. "आपण समाजासाठी झिजलात" पेक्षा "चौदा महिलांच्या वीस रुपयांपासून आपण हा गट उभा केलात" हे भिंतीवर वीस वर्षांनी नातवाला वाचून काही कळेल असं आहे. नाव कसं लिहायचं हे त्यांनाच विचारा, आधारवर एक असतं, गल्लीत दुसरं, आणि काहींना माहेरचं आडनाव पण हवं असतं. खाली सह्या पहिल्या सभासदांच्या घ्या, पाहुण्यांच्या नकोत.

छपाईला देताना मजकूर टाईप करून द्या, हातानं लिहिलेल्या कागदाचा फोटो पाठवला की जोडाक्षरं चुकतात. प्रिंटरकडून पीडीएफ मागवा आणि कोषाध्यक्षाला आणि घरच्या एकाला असं दोघांना दाखवा, कारण लिहिणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही. फॉन्ट बदलताना र्‍ह, क्ष, ज्ञ मोडतात ते खास बघा, आणि नाव, तारीख, गटाचं नाव ही तीन ठिकाणं मोठ्यानं वाचा. फ्रेम कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत हातात हवी, म्हणजे काही चुकलं तरी संध्याकाळी दुसरी प्रिंट काढता येते. भाषणाच्या दोन जादा प्रती काढा, एक अक्कांच्या घरी आणि एक गटाच्या प्रोसिडिंग रजिस्टरमध्ये त्या दिवसाच्या पानाला चिकटवायला, आणि त्या पानावर हजेरी पण घ्या.